एमसीबी मोठा केला, पण वायर तीच राहिली: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करू नका, हा तुमचा लेख वाचला. उगाच घाबरवता आहात असं वाटलं. माझ्याकडे 200 अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे. वायर 2.5 स्क्वेअर एमएम तांब्याची, बोर्डापासून मशीनपर्यंत साधारण 30 मीटर. 20 चा एमसीबी होता, तो दुपारनंतर सारखा पडायचा. 40 चा टाकला, तेव्हापासून एकदाही पडला नाही. आणि 200 अँपिअरच्या मशीनला 32 चा एमसीबी पुरतो कसा, याचा हिशेब तुम्ही दिलाच नाही."

उत्तर:

आधी हिशेबच करू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. 200 अँपिअर हा रॉडकडचा करंट आहे. तिथे व्होल्टेज फार कमी असतं, आणि रॉडच्या वेल्डिंगसाठी त्याचा अंदाज या सूत्राने काढतात, यात U2 म्हणजे रॉडकडचं व्होल्टेज आणि I2 म्हणजे रॉडकडचा करंट:

```
U2 = 20 + 0.04 × I2
```

तुम्ही 3.15 मिमीचा रॉड 120 अँपिअरवर चालवत असाल असं धरतो. व्होल्टेज आलं 24.8, म्हणजे आर्कमध्ये जाते साधारण 2980 वॅट. पण मशीन यापेक्षा बरंच जास्त ओढतं. थोडी ऊर्जा मशीन तापण्यात जाते, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट आत नसेल तर करंट सलग न ओढता टोकाटोकाने ओढला जातो. कार्यक्षमता 0.8 आणि पॉवर फॅक्टर 0.7 धरला तर मागणी होते सुमारे 5300 व्हीए. 230 व्होल्टला भागलं की 23 अँपिअर. हा तुमच्या वायरीतला करंट. मशीन पूर्ण 200 वर नेलं तर हाच आकडा 43 च्या आसपास जातो, पण तिथे कुठलंही छोटं मशीन सलग चालत नाही.

मग 20 चा एमसीबी सकाळी कसा टिकत होता? कारण रॉड काही अखंड जळत नाही. एक रॉड संपतो, तुम्ही स्लॅग झाडता, जॉब फिरवता, नवा रॉड लावता. निम्मा वेळ आर्क चालू असेल तर उष्णतेच्या दृष्टीने 23 अँपिअर हे सुमारे 16 अँपिअर सलग वाहिल्यासारखे होतात. एमसीबीच्या आतली पट्टी या सरासरी उष्णतेवरच वाकते.

आता तुमच्या प्रतिक्रियेतला मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला शब्द: "दुपारनंतर". मशीन चालू करताच एमसीबी पडला असता तर आतले कपॅसिटर भरताना होणारा क्षणिक झटका हे कारण असतं, आणि बी कर्व्हच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी लावून भागलं असतं. बी हा आपल्या रेटिंगच्या 3 ते 5 पटीला तत्काळ पडतो, सी 5 ते 10 पटीला. करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा आरसीसीबी पडला असता तर ती गळती शोधावी लागली असती. ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्याने मशीनच्या आत ओढली जाते आणि तिथून गळती सुरू होते. तुमच्याकडे यातलं काही नाही. काही वेळ काम झाल्यावर पडतो, म्हणजे तो तापून पडतो.

दुपारी काय बदलतं? लाइनवरचा भार वाढून व्होल्टेज उतरतं, त्यात तुमच्या 30 मीटर वायरीचीही भर पडते. जाऊन-येऊन 60 मीटर तांबं, रोध अंदाजे 0.45 ओहम, 23 अँपिअरला 10 व्होल्ट तिथेच जातात. जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन व्होल्टेज उतरलं की नुसतं मंद चालायचं. इन्व्हर्टरचं उलट आहे. त्याला रॉडला ठरलेला करंट द्यायचाच असतो, त्यामुळे व्होल्टेज कमी झालं की तो पुरवठ्यातून जास्त अँपिअर ओढतो. मशीनपाशी 190 व्होल्ट मिळत असतील तर 23 चे 28 होतात. शिवाय एमसीबीचं रेटिंग 30 अंश तापमानाला ठरवलेलं असतं. पत्र्याखालच्या बंद बोर्डात तो आधीच तापलेला असतो आणि लवकर पडतो. म्हणजे तो एमसीबी खराब नव्हता. वायरीतून जास्त करंट जातोय हेच तो सांगत होता.

आता 40 चा काय करतो ते बघा. एमसीबी आपल्या रेटिंगच्या 1.13 पटीपर्यंत तासभर पडता कामा नये आणि 1.45 पटीला तासाभरात पडलाच पाहिजे, असं मानक आहे. 40 ला हे आकडे होतात 45 आणि 58 अँपिअर. तुमची 2.5 ची वायर पाइपमध्ये 20 ते 24 अँपिअरची. समजा कोणी 4 चा रॉड लावून मशीन 160 वर नेलं आणि व्होल्टेज 190 असलं, तर वायरीतून 40 अँपिअर जातील. तेव्हा वायर 24 अँपिअरच्या तुलनेत 2.8 पट तापते. 60 टक्के वेळ आर्क धरला तरी सरासरी दीडपटीहून जास्त. एमसीबीच्या हिशेबी मात्र सगळं ठीक. म्हणून तो "एकदाही पडला नाही".

आणि पहिला मार वायरीच्या मधल्या भागाला बसत नाही, तो सॉकेटच्या स्क्रूला बसतो. तुमचं सॉकेट बहुधा 16 अँपिअरचं आहे. स्क्रू थोडा सैल होऊन तिथे 0.05 ओहम रोध आला, तर 30 अँपिअरला 45 वॅट उष्णता त्या एका टोकावर निर्माण होते. एखादा सोल्डरिंग आयर्न सॉकेटच्या आत चालू ठेवल्यासारखी. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि सॉकेट उघडून बघा. तांब्याच्या तारा काळपट झाल्या असतील, स्क्रूजवळचं आवरण कडक होऊन मागे सरकलं असेल, किंवा प्लगच्या पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी दिसत असेल, तर त्या लाइनवर आणखी एकही रॉड जाळू नका.

तुमच्या जागी मी काय करेन? मशीनच्या नेमप्लेटवर `I1max` आणि `I1eff` असे दोन आकडे असतात. पहिला ओढला जाणारा जास्तीत जास्त करंट, दुसरा ड्युटी सायकल धरून वायरीला सोसावा लागणारा. वायर दुसऱ्यावरून निवडायची. तो 25 च्या आसपास असेल तर 30 मीटरसाठी मी 6 स्क्वेअर एमएम घेईन, 4 नाही. कारण ती नुसती सोसत नाही, व्होल्टेजची घटही निम्म्याहून कमी करते, आणि तुमचं दुखणं तिथेच आहे. या लाइनवर फक्त मशीन, ग्राइंडर वेगळ्या सर्किटवर. टोकाला 32 अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट, बोर्डात सी कर्व्हचा 32 चा एमसीबी, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. 32 इथे चालतो तो मशीन 200 चं आहे म्हणून नव्हे, तर 6 ची वायर 32 अँपिअर सोसते म्हणून. मीटर आणि मेन स्विच एवढा भार पेलतील का, हे लायसन्स असलेल्या वायरमनकडून आधी बघून घ्या.

हे होईपर्यंत 20 चा एमसीबी परत लावा आणि 2.5 मिमीच्या रॉडवर, 80 अँपिअरपर्यंत काम करा. तिथे मशीन साधारण 14-15 अँपिअर ओढतं. एमसीबी टिकेल आणि वायरही. फक्त सॉकेट आधी उघडून तपासलेलं हवं.

मोजायचं असेल तर क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस असलेलाच घ्या. साधा मीटर इन्व्हर्टरचा टोकदार करंट बराच कमी दाखवतो. क्लॅम्प एकट्या फेजभोवती लावा, अख्ख्या केबलभोवती लावला तर जवळपास शून्य दिसेल. आर्क चालू असताना मशीनपाशी व्होल्टेज किती आणि करंट किती, सकाळी आणि दुपारी, आणि नेमप्लेटवरचे ते दोन आकडे, एवढं इथे लिहा. वायर 4 ची चालेल की 6 चीच हवी, ते मग नक्की सांगता येईल.