प्रतिक्रियेला उत्तर: ६०+ म्हणजे नेमकं कोण?

डिचोलीकर यांची कमेंट: "लेख वाचला. वाचनालयाच्या सर्व्हेत जन्मसाल विचारून वयाचे आठ गट कशाला पाडले? १८-३५, ३६-६० आणि ६०+ पुरे होते, सगळे फॉर्म तसेच असतात. माणसं जमली जेमतेम दोनशे, त्यांचे एवढे तुकडे केले की हवा तो निष्कर्ष काढता येतो. आणि आमच्या आजीला स्वतःचं वय धड माहीत नाही, तिला जन्मसाल विचारून काय मिळालं?"

उत्तर:

डिचोलीकर बाब, एवढं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. आधी एक छोटी गोष्ट उरकून टाकतो. तुम्ही सुचवलेल्या गटांत बरोबर ६० वर्षांच्या माणसाने कुठे टिक करायची? तो ३६-६० मध्येही बसतो आणि ६०+ मध्येही. असले फॉर्म खरंच सगळीकडे दिसतात आणि मग साठ वर्षांचे काहीजण इकडे, काहीजण तिकडे जातात. पण ही टायपिंगमधली गडबड, सुधारता येते. खरा मुद्दा पुढे आहे.

साठ हा आकडा आला कुठून? ज्येष्ठ नागरिक कोण हे ठरवणाऱ्या २००७ च्या कायद्यात ६० आहे, आपल्या गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांसाठी ६० आहे. पैसे कोणाला मिळणार हे बघायचं असेल तर साठवर रेघ मारणं एकदम बरोबर, कारण तिथे साठ पूर्ण झाल्यावर खरंच काहीतरी बदलतं. पण आपला प्रश्न होता, रोज मराठी पेपर वाचता का? एकोणसाठाव्या वर्षी वाचणारा माणूस साठाव्या वाढदिवसाला पेपर बंद करत नाही. म्हणजे रेघ अशा जागी पडली जिथे वाचनात काही घडतच नाही, आणि जिथे घडतं ती जागा गटाच्या पोटात गडप झाली.

ती जागा कुठली ते बघा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्याच्या आधी मराठी शाळा नव्हत्या असं नाही, गावकऱ्यांनी आणि संस्थांनी चालवलेल्या होत्या, पण सरकारी मराठी प्राथमिक शाळा वाड्यावाड्यांवर पोचल्या त्या नंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात. आता १९५६ च्या आसपास जन्मलेलं मूल घ्या, ते मुक्तीनंतर शाळेच्या वयात आलं, २०२५ ला ते ६९ वर्षांचं होतं. त्याच गावातली १९४५ ची मुलगी मुक्तीच्या वेळी सोळा वर्षांची, शाळेत जायचं वय निघून गेलेलं, २०२५ ला ती ८० ची. तुमच्या फॉर्मवर ही दोघं एकाच खान्यात.

आता हिशोब करून बघू. सोपं जावं म्हणून गोल आकडे घेतो, हे आपल्या सर्व्हेतले नव्हेत. समजा ३६-५९ मध्ये ८० माणसं आहेत आणि त्यातली ४० रोज पेपर वाचतात. ६०+ मध्येही ८० माणसं आणि वाचणारी ४०. दोन्हीकडे ५० टक्के. तुम्ही रिपोर्टमध्ये काय लिहाल? पस्तिशीनंतर वयाने काही फरक पडत नाही. बरोबर?

आता तीच माणसं, तीच उत्तरं, फक्त गट बारीक करू. ३६-४४ मध्ये ३६ जण, वाचणारे १०, म्हणजे २८ टक्के. ४५-५९ मध्ये ४४ जण, वाचणारे ३०, म्हणजे ६८ टक्के. ६०-७४ मध्ये ५० जण, वाचणारे ३५, म्हणजे ७० टक्के. आणि ७५+ मध्ये ३० जण, वाचणारे फक्त ५, म्हणजे १७ टक्के. खालून चढलेला, मध्ये उंच आणि शेवटी धाडकन कोसळलेला आलेख जाड गटात घातला की सपाट होऊन बाहेर येतो. एकही उत्तर बदललं नाही, बेरीजही तीच. प्रत्येक गटात एक जास्त वाचणारा आणि एक कमी वाचणारा तुकडा होता, त्यांनी एकमेकांना खाऊन टाकलं. आणि वाचनालयाच्या कमिटीला याच्यावरून ठरवायचंय की पैसे मोठ्या टायपाच्या पुस्तकांवर घालायचे की कोणीतरी वाचून दाखवायचं. ५० टक्के बघून ते ठरत नाही.

दुसरी गंमत (म्हणजे गंमत कसली, हीच जास्त फसवते) दोन गावांची तुलना करताना होते. समजा दोन्ही गावांत ७५ च्या आतल्या ज्येष्ठांपैकी ७० टक्के वाचतात आणि ७५ च्या वरचे २० टक्के. म्हणजे वयाला वय लावलं तर दोन्ही गावं सारखीच. पण हायवेजवळच्या गावात ६०+ चे ४० जण भेटले त्यातले ३० जण ७५ च्या आतले, आणि आतल्या गावात उलट, ३० जण ७५ च्या वरचे, कारण तिथली कमावती मुलं पणजीला नाहीतर वेर्ण्याला राहायला गेली आणि साठीतले आईबाप त्यांच्यामागून नातवंडं सांभाळायला गेले. पहिल्या गावात वाचणारे निघतात २१ आणि २, मिळून २३. दुसऱ्यात ७ आणि ६, मिळून १३. टक्केवारी साडेसत्तावन्न विरुद्ध साडेबत्तीस. लगेच कोणीतरी म्हणणार, आतल्या गावात वाचनाची आवडच नाही! आवडीचा काहीएक संबंध नाही, तिथे जास्त म्हातारी माणसं आहेत एवढंच. दोन्ही गावांत दोन्ही वयं निम्मी-निम्मी धरून परत हिशोब केला तर दोघांनाही ४५ टक्के येतात. पण तो हिशोब करायला ६०+ च्या आतलं वय तुमच्याकडे असायला हवं. फॉर्मवरच ६०+ छापलं असेल तर ते कायमचं गेलं. बारीक घेतलेलं नंतर जाड करता येतं, जाड घेतलेलं बारीक होत नाही. म्हणून मी जन्मसाल लिहून घेतो आणि गट नंतर पाडतो.

आता तुमची आजी. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण यात खरी अडचण आहे. वय नक्की माहीत नसलं की माणसं शून्यावर नाहीतर पाचवर संपणारं वय सांगतात. साठ, पासष्ट, सत्तर, मध्ये ६१, ६३ सांगणारे एकदम कमी. जनगणनेच्या लोकांना हे पक्कं ठाऊक आहे, त्यासाठी व्हिपलचा निर्देशांक म्हणून माप आहे: २३ ते ६२ वयाच्या माणसांत ० आणि ५ ने संपणारं वय किती जणांनी सांगितलं ते मोजायचं, पाचाने गुणायचं, त्या सगळ्या माणसांच्या संख्येने भागायचं, गुणिले शंभर. १०० आलं तर गोलमाल नाही, सगळ्यांनीच गोल वय सांगितलं तर ५००. आता याचा गटाशी संबंध काय, तर ५८, ५९, ६१, ६२ वाले सगळे "साठ" म्हणत असतील आणि तुमची रेघ नेमकी साठवर असेल, तर साठीच्या आतले बरेचजण उगाच वरच्या गटात ढकलले जातात. म्हणून माझे गट ५५-६४, ६५-७४ असे होते, ६० आणि ७० रेघेवर न पडता गटाच्या मध्यात पडतील असे. ५ चा ढीग रेघेवर येतोच, पण तो बहुतेक वेळा शून्याच्या ढिगापेक्षा लहान असतो.

आणि आजीला नुसतं जन्मसाल विचारून सोडायचं नसतं. मी विचारतो, मुक्ती झाली तेव्हा तुम्ही केवढ्या होता? शाळेत होता की लग्न झालेलं? ओपिनियन पोलला मत दिलेलं का? हा शेवटचा प्रश्न तर सोनं आहे. ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा याचं मतदान, झाला १६ जानेवारी १९६७ ला, दोन पानं ही वेगळं राहण्याची निशाणी, आणि तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, १८ नंतर झालं. म्हणजे जी आजी "हो, दिलं की, दोन पानांना" म्हणाली तिचा जन्म १९४६ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, २०२५ ला ती निदान ७९ ची, मग आधार कार्डावर कोणीतरी अंदाजाने ०१/०१/१९५२ टाकलेलं का असेना. "नाही, लहान होते" म्हणाली तर दुसरीकडून घेरायचं, पहिलं मूल कधी झालं वगैरे. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होतात, पण दहा वर्षांच्या गटात तेवढं चालून जातं.

थोड्या माणसांचा तुमचा मुद्दा मात्र हलका नाही. वरच्याच उदाहरणात ३० पैकी ५ म्हणजे १७ टक्के, पण एवढ्या कमी माणसांवरून खरा आकडा ७ ते ३४ च्या मध्ये कुठेही असू शकतो. ६०-७४ चे ७० टक्के म्हणजे खरंतर ५६ ते ८१. दोन्ही पट्टे जाड आहेत, तरी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, म्हणून फरक आहे एवढं म्हणता येतं, केवढा ते छातीठोक सांगता येत नाही. गट आणखी बारीक केले असते तर पट्टे एकमेकांवर चढले असते आणि मी गप्प बसलो असतो.

"हवा तो निष्कर्ष" टाळायला दोन गोष्टी करतो. रेघा कुठे मारायच्या ते उत्तरं बघायच्या आधी कागदावर लिहून ठेवतो, आणि हिशोब झाल्यावर रेघ दोन-तीन वर्षं मागेपुढे सरकवून बघतो. ७५ च्या जागी ७२ किंवा ७८ केलं की फरक गायब होत असेल तर तो रेघेने पाडलेला फरक, माणसांमधला नव्हे.

एक गोष्ट मात्र बारीक गटांनीही सुटत नाही, ती कोणी विचारली नाही तरी सांगतो. ७५+ वाले वाचत नाहीत ते लहानपणी शाळा मिळाली नाही म्हणून, की मोतीबिंदूमुळे? एकाच वेळी केलेल्या सर्व्हेत वय आणि पिढी एकत्रच वाढतात, वेगळी काढता येत नाहीत. त्यासाठी फॉर्मवर वेगळा प्रश्न होता, "पन्नाशीत असताना पेपर वाचायचात का?" जो तेव्हाही वाचत नव्हता त्याचं कारण डोळे नव्हेत.

लेखातल्या तक्त्यात शेवटचे दोन गट मी ७५+ म्हणून एकत्र दाखवलेत, तेही लपवायला नाही. ८५ च्या वरची माणसं एवढी कमी की वाडीचं नाव आणि बाई-पुरुष लिहिलं की अख्ख्या गावाला कळतं कोण ते.

पुढच्या महिन्यात तुमच्या बाजूला फेरी करायचं चाललंय. याल सोबत तर आजीपासूनच सुरुवात करू. फॉर्मवर जन्मसालाच्या शेजारी एक छोटा रकाना आहे, साल कशावरून काढलं ते त्यात लिहायचं: कार्ड, मुक्ती, नाहीतर नुसतं "ओ.पो." लिहिलं तरी मला कळतं.