जंतू दहा मिनिटांत मारत नाहीत

«डोळे उघडा! रक्तगट, क्रॉसमॅच ही सगळी बिलं वाढवायची युक्ती. 1) दीडशे वर्षांपूर्वी गट न बघताच रक्त देत होते. जे मेले ते अस्वच्छतेने, जंतूंनी मेले. 2) O गटाचं रक्त कोणालाही चालतं, तपासायची गरजच नाही. 3) घरच्या माणसाचं रक्त असेल तर रिॲक्शन येतच नाही. 4) रक्तगट सापडले ते महायुद्धात सैनिक पटापट मरायला लागल्यावर. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.»

हे मला परवा रात्री साडेदहाला जावईबापूंनी पाठवलं. खाली स्वतःची भर: «मावशी, मी O, ती पण O. मग माझंच देऊन टाकू ना, ब्लड बँकेत कशाला हेलपाटे?» भाचीचं दुसरं बाळंतपण पुढच्या आठवड्यात आहे, अंगात रक्त कमी आहे, आणि डॉक्टरांनी दोन बॅगा राखून ठेवायला सांगितल्या आहेत. ब्लड बँकेच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी फोनवर जे बोलले ते जरा जास्तच तिखट झालं. इथे शांतपणे लिहिते.

पहिला मुद्दा सगळ्यात विषारी आहे, कारण त्यात थोडं खरं मिसळलंय. गट न बघता रक्त देत होते, हे खरं. जंतूंनी माणसं मेली, हेही खरं. एकोणिसाव्या शतकात नळ्या उकळत नसत, रक्त पिचकारीतच गोठायचं, शिरेत हवा जायची. शिवाय बहुतेकांना रक्त दिलं जायचं तेच मुळी शेवटच्या घटकेला. एवढं कबूल. पण जंतूंना माणूस मारायला सहसा निदान काही तास तरी लागतात, बहुधा दिवस लागतात. चुकीचं रक्त शिरेत उतरत असतानाच त्रास सुरू होतो.

1667 चं पॅरिस घ्या. झाँ-बाप्टिस्ट डेनी नावाच्या डॉक्टरने आंत्वान मोरुआ या वेडाच्या झटक्यांनी बेजार झालेल्या माणसाला वासराचं रक्त दिलं. वासराच्या शांत स्वभावाने वेड उतरेल, अशी त्या काळची कल्पना. पहिल्या वेळी थोडंच रक्त गेलं आणि फारसं काही झालं नाही. दुसऱ्या वेळी जास्त दिलं. रक्त शिरेत शिरताच त्याच्या दंडातून काखेपर्यंत आग उसळली, नाडी धावायला लागली, तोंडावर घाम फुटला, कमरेत असह्य दुखायला लागलं, जीव गुदमरला, उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने पेलाभर लघवी केली. तिचा रंग डेनीने स्वतः लिहून ठेवलाय: धुराड्याची काजळी कालवावी तसा काळा.

ब्लड बँकेत काम केलेल्या कोणालाही हे वर्णन वाचून पोटात गोळा येईल. तांबड्या पेशी शिरेतच फुटल्या, आतलं हिमोग्लोबिन रक्तात सांडलं आणि मूत्रपिंडांतून गाळून बाहेर आलं. कमरेतलं दुखणं तेच, काळी लघवी तीच. डेनीला ते कळलं नाही. त्याला वाटलं, वेडाचा काळा रस निघून जातोय. मोरुआ पुढे तिसऱ्या प्रयत्नानंतर वारला. कोर्टात त्याच्या बायकोने विष घातल्याचं निघालं आणि डेनी सुटला. तेव्हा त्याच्या मृत्यूचा हिशेब मी रक्ताच्या नावावर मांडत नाही. पण त्या पेल्यातली लघवी जंतूंनी काळी केली नव्हती.

आता कोणी म्हणेल, ते जनावराचं रक्त होतं. बरोबर. 1818 पासून लंडनमध्ये जेम्स ब्लंडेलने माणसाला माणसाचंच रक्त द्यायला सुरुवात केली. बाळंतपणात रक्त वाहून डोळ्यांदेखत मरणाऱ्या बायका त्याने पाहिल्या होत्या. त्याच्या दहाएक पेशंटपैकी निम्म्यांनाच उपयोग झाला. काही तर रक्त दिलं तेव्हा जवळपास गेलेलेच होते. तरी निम्मे वाचले कसे, हा प्रश्न त्या निरोपवाल्याला पडला असता तर बरं झालं असतं.

उत्तर साध्या हिशेबात आहे. आपल्याकडे ढोबळमानाने शंभरात बत्तीस O, बत्तीस B, सत्तावीस A आणि नऊ AB धरा. O पेशंटला फक्त O चालतं, A ला A आणि O, B ला B आणि O, AB ला चारही. डोळे मिटून कुणाचंही रक्त कुणालाही दिलं, तर शंभरात पंचावन्न-छप्पन वेळा ते जुळेल. बाकी चव्वेचाळीस वेळा नाही. युरोपात B कमी म्हणून तिकडे साधारण पासष्ट वेळा जुळायचं. म्हणजे गट न बघता रक्त देणं हा नाणं उडवण्याचा खेळ होता, थोडा आपल्या बाजूने झुकलेला. म्हणूनच डॉक्टरांना आशा सोडवत नव्हती आणि कारणही सापडत नव्हतं. शंभरपैकी शंभर मेले असते तर लोकांनी लवकर हात आवरला असता.

हे कारण सापडलं व्हिएन्नात, आणि चौथा मुद्दा इथेच निकालात निघतो. कार्ल लँडस्टायनरने 1901 साली लेख छापला, म्हणजे महायुद्धाच्या तेरा वर्षं आधी. सैनिक नव्हते, मृत्यू नव्हते, होते प्रयोगशाळेतले सहा धडधाकट लोक, त्यांत तो स्वतः. प्रत्येकाचं रक्त काढलं, वरचा पिवळसर द्रव म्हणजे सीरम वेगळा केला, खालच्या पेशी वेगळ्या केल्या, आणि प्रत्येकाचा सीरम प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला. सहा गुणिले सहा, छत्तीस जोड्या.

काही जोड्यांत पेशी नुसत्या तरंगत राहिल्या, काहींत त्यांच्या गाठी झाल्या. कोणाचाही सीरम स्वतःच्या पेशींना त्रास देत नव्हता. दोघांच्या पेशींच्या गाठी कोणत्याच सीरमने होत नव्हत्या, पण त्या दोघांचा सीरम उरलेल्या चौघांच्या पेशी गोळा करत होता. त्या दोघांत लँडस्टायनर स्वतः. उरलेले चौघे दोन-दोनच्या दोन गटांत पडले, एकमेकांना न चालणाऱ्या. त्याने नावं दिली A, B आणि C. आपण आज O म्हणतो तो हा C. सहांत AB एकही नव्हता, म्हणून तो गट त्याला सापडलाच नाही. पुढच्या वर्षी डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी जास्त माणसं तपासली तेव्हा निघाला.

त्या आधी अशा गाठी इतरांनीही पाहिल्या होत्या, पण ते आजाराचं लक्षण समजत. निरोगी माणसांत हे घडतं आणि ठरावीक नियमाने घडतं, हा खरा शोध. यातली मेख अशी की A गटाच्या माणसाने आयुष्यात कधी B रक्त पाहिलेलं नसतं, तरी त्याच्या सीरममध्ये B विरुद्धची प्रतिपिंडं तयारच असतात. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर तशाच साखरा असतात, आणि बाळ काही महिन्यांचं होईपर्यंत शरीर त्यांच्याविरुद्ध हत्यारं करून ठेवतं. म्हणून पहिल्यांदाच दिलेलं रक्तही मारू शकतं.

टेबलावर हे आजही तसंच दिसतं. काचपट्टीवर निळा थेंब अँटी-A चा, पिवळा अँटी-B चा. रक्त मिसळून पट्टी हलवली की एका बाजूला गुळगुळीत लाल, आणि दुसरीकडे काही सेकंदांत नासलेल्या दुधासारखे कण. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच दाखवायची. रिॲक्शन आली तर बॅग बंद करायची आणि पेशंटचं नवं सॅम्पल फिरवायचं. वरचा द्रव पिवळा हवा, तो लालसर दिसला की समजायचं, पेशी फुटल्यात. भुलीखालच्या पेशंटला कमर दुखते हे सांगता येत नाही. तिथे कधीकधी लघवीच्या पिशवीचा रंग हीच पहिली खूण असते, डेनीच्या पेल्यासारखी.

लेख छापला म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळे तपासायला लागले, असंही नाही. पेशंटच्या आणि दात्याच्या रक्ताची आधी जुळणी करून, म्हणजे क्रॉसमॅच करून, रक्त द्यायला न्यूयॉर्कमध्ये रूबेन ओटेनबर्गने 1907 च्या सुमारास सुरुवात केली. पुढे 1914-15 मध्ये रक्त न गोठू देणारं सायट्रेट आलं. महायुद्धात जे झालं ते रक्त साठवणं, गट सापडणं नव्हे.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं देते. अपघाताचा पेशंट रक्तबंबाळ आला आणि गट कळायला वेळ नसेल, तर O निगेटिव्हच्या पेशी देतात. पेशी, अख्खं रक्त नाही, कारण O च्या द्रवात A आणि B दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं असतात. आणि O सुद्धा सगळ्यांना चालत नाही, हे शोधलंय आपल्या मुंबईत. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे लोक दाखवले, ज्यांचा गट काचपट्टीवर O दिसतो, पण O ची कुठलीही बॅग क्रॉसमॅचला लावली की गाठी होतात. O च्या पेशींवर असलेला H नावाचा पदार्थच त्यांच्याकडे नसतो. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. आपल्याकडे दहा हजारांत एखादा असतो, आणि काचपट्टीवर निसटला तरी तो क्रॉसमॅचमध्ये पकडला जातो, म्हणजे निरोपवाल्याच्या मते बिल वाढवायच्या युक्तीत.

राहिला तिसरा मुद्दा, ज्याने माझी झोप उडवली. लेव्हिन आणि स्टेटसन यांनी 1939 मध्ये एका बाईची हकीकत छापली. मूल पोटातच गेलं, रक्त बरंच गेलं, आणि नवऱ्याचं रक्त दिलं. दोघंही O. तरी तिला जोराची रिॲक्शन आली. तपासलं तर तिचा सीरम नवऱ्याच्याच नव्हे, O गटाच्या बहुतेक दात्यांच्या पेशी गोळा करत होता. बाळाकडे वडिलांकडून आलेला एक घटक तिच्या शरीराने परका ठरवला होता, आणि तोच घटक नवऱ्याच्या बॅगेत होता. आपण ज्याला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ते हेच, आरएच.

जावईबापू, तुम्ही O पॉझिटिव्ह आहात. ती O निगेटिव्ह. पहिल्या बाळंतपणानंतर तिला अँटी-डीचं इंजेक्शन दिलं, ते तिच्या शरीराने बाळाच्या पॉझिटिव्ह पेशींविरुद्ध प्रतिपिंडं करू नयेत म्हणून, हे तेव्हा मीच समजावलं होतं. त्या एका इंजेक्शनचा आवाका साधारण 30 मिली रक्ताचा. तुमची बॅग 350 मिलीची. आणि सख्ख्या भावाचं किंवा वडिलांचं रक्त तर आणखी जपून देतात, बॅगेला रेडिएशन देऊन. जवळच्या नात्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या मुक्काम ठोकतात आणि पेशंटवरच उलटतात. ही रिॲक्शन विरळा, पण झाली तर सहसा वाचत नाही कोणी.

काल सकाळी भाचीचं सॅम्पल ब्लड बँकेत गेलं. O निगेटिव्हच्या दोन बॅगा क्रॉसमॅच करून तिच्या नावाने ठेवल्यात. जावईबापूही जाऊन रक्त देऊन आले. त्यांची बॅग दुसऱ्या कोणाला तरी जाईल, तपासून.