वाक्यं खरी, सारांश खोटा

फिरत असलेला संदेश असा आहे: «सारांश दोन प्रकारचे. एक्स्ट्रॅक्टिव्ह म्हणजे मूळ मजकुरातली वाक्यं जशीच्या तशी. १) यात चूक होऊच शकत नाही, कारण शब्द मूळ लेखकाचेच असतात. २) कुठल्याही भाषेला चालतो, वाक्यं उचलायला भाषा समजावी लागत नाही. ३) अॅब्स्ट्रॅक्टिव्ह म्हणजे आपल्या शब्दांत, म्हणजे निव्वळ बनवाबनवी. ४) म्हणून नोटीस, करार, औषधाची माहिती, मीटिंग, सगळीकडे एक्स्ट्रॅक्टिव्हच वापरा.»

माझी मेव्हणी एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. तिनं हा संदेश मला पाठवला आणि खाली लिहिलं, «आता सगळ्या नोटिसा अशाच आखडून टाकते.» म्हणून हे लिहावं लागतंय. पुढे सोयीसाठी पहिल्या प्रकाराला उचललेला सारांश आणि दुसऱ्याला रचलेला सारांश म्हणतो.

पहिल्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण लोकांना गोत्यात आणणारा मुद्दा तोच आहे. उदाहरण म्हणून सहा वाक्यांची एक नोटीस रचली आहे:

(१) रविवारी सकाळी ८ ते दुपारी २ या वेळात वरच्या टाकीची सफाई होणार आहे.
(२) या काळात ए आणि बी विंगचं पाणी बंद राहील.
(३) सी विंगला खालच्या टाकीतून थेट पाणी मिळतं, त्यामुळे तिथे पाणी सुरू राहील.
(४) तिथल्या रहिवाशांनी पाणी साठवून ठेवायची गरज नाही.
(५) सफाईनंतर टाकीत क्लोरीनचं द्रावण टाकलं जाईल.
(६) मात्र सोमवारी सकाळपर्यंत ए आणि बी विंगमधल्या नळाचं पाणी पिऊ नये.

आता ३० शब्दांत सारांश हवा आहे असं समजा. पहिलं वाक्य घेतलं जाणार, कारण वाक्यं उचलणाऱ्या संगणकाच्या बऱ्याच पद्धती सुरुवातीच्या वाक्याला जास्त वजन देतात. त्याचे १३ शब्द. दुसऱ्याचे ९, एकूण २२. तिसरं वाक्य १२ शब्दांचं, ते घेतलं तर ३४ होतात, म्हणून गळलं. सहावं ११ शब्दांचं, तेही बसत नाही. उरलेल्यांपैकी «पाणी» हा सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द चौथ्यात आहे, पाचव्यात नाही. चौथं ७ शब्दांचं. एकूण २९, छान बसलं. तयार झालेला सारांश वाचा:

«रविवारी सकाळी ८ ते दुपारी २ या वेळात वरच्या टाकीची सफाई होणार आहे. या काळात ए आणि बी विंगचं पाणी बंद राहील. तिथल्या रहिवाशांनी पाणी साठवून ठेवायची गरज नाही.»

एक अक्षर बदललेलं नाही, तरी अर्थ उलटा झाला. «तिथल्या» हा शब्द मूळ नोटिशीत सी विंगकडे बोट दाखवत होता. मधलं वाक्य गेलं, आणि बोट ए आणि बी विंगकडे वळलं. ज्यांच्या घरी पाणी येणारच नाही, त्यांनाच साठवू नका असं सांगितलं गेलं. वर क्लोरीनच्या पाण्याचा इशारा पूर्णपणे गायब. शब्द मूळ लेखकाचे म्हणजे अर्थही त्याचाच राहिला, ही समजूत इथेच संपते. वाक्याचा अर्थ निम्मा त्या वाक्यात असतो आणि निम्मा शेजाऱ्यांत.

हे मी मुद्दाम वाकडं उदाहरण शोधून आणलं, असं वाटत असेल तर शियुए झांग, डेव्हिड वान आणि मोहित बन्सल यांचा २०२३चा शोधनिबंध बघा. सोळा वेगवेगळ्या उचलणाऱ्या पद्धतींनी केलेले १६०० इंग्रजी सारांश त्यांनी माणसांकडून तपासून घेतले. त्यातल्या ३० टक्के सारांशांत दिशाभूल करणारा किमान एक दोष निघाला. दोषांचे प्रकारही ओळखीचेच आहेत. «तो», «तिथे» यांसारखा शब्द चुकीच्या माणसाकडे किंवा जागेकडे वळणं, किंवा तो कोणासाठी आलाय हेच न कळणं. «मात्र», «त्यामुळे», «दुसरं म्हणजे» यांनी सुरू होणारं वाक्य भलत्याच वाक्याला चिकटणं, किंवा अधांतरी लोंबकळणं. आणि पाचवा प्रकार, सगळं व्याकरणशुद्ध असूनही एकूण चित्र चुकीचं उभं राहणं.

उपाय कठीण नाही, पण तो करावा लागतो. निवडलेलं प्रत्येक वाक्य एकटं वाचायचं. त्यात तो, ती, ते, हे, तिथे, त्यांनी, मात्र, तरीही, त्यामुळे, अन्यथा यांपैकी काही असेल, तर ज्या वाक्याच्या आधारावर ते उभं आहे तेही घ्यायचं. जागा नसेल तर शब्दाच्या जागी कंसात नाव लिहायचं: «[सी विंगमधल्या] रहिवाशांनी पाणी साठवून ठेवायची गरज नाही.» चौकोनी कंस अशासाठी, की ही भर आपली आहे, मूळची नाही, हे वाचणाऱ्याला दिसावं. मराठीत आणखी एक खाच आहे. आपण कर्ता सर्रास गाळतो. «उद्या पैसे भरायचे आहेत» हे वाक्य एकटं उचललं तर कोणी भरायचे ते कुठेच नाही, आणि शोधायला सर्वनामसुद्धा नाही.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तरही याच नोटिशीत आहे. वाक्यं निवडण्याची जुनी पद्धत म्हणजे शब्द मोजणं. आयबीएममध्ये हान्स पीटर लून यांनी १९५८ साली ती मांडली: जे महत्त्वाचे शब्द मजकुरात वारंवार येतात, ते एकमेकांच्या जवळ असलेली वाक्यं उचला. नंतरच्या पद्धतींत दोन वाक्यांत किती शब्द सारखे आहेत हे बघतात. इंग्रजीत हे बऱ्यापैकी निभावतं, कारण तिथे शब्दाची रूपं कमी. आपल्या नोटिशीत टाकी तीनदा आली आहे, पण «टाकीची», «टाकीतून», «टाकीत» अशी. शब्द मोजणाऱ्याला हे तीन वेगळे शब्द, प्रत्येकी एकदा आलेले. «पाणी» मात्र दर वेळी त्याच रूपात आलं म्हणून वर चढलं. म्हणजे नोटीस टाकीच्या सफाईची, आणि यंत्राच्या लेखी टाकीला काही वजनच नाही. प्रत्यय काढून मूळ शब्दापर्यंत जायची सोय असल्याशिवाय मराठीवर ही मोजणी भरवशाची नाही, आणि ती सोय करायला भाषा समजावीच लागते. घर-घरात सोपं आहे, पण पाणी-पाण्यात, विहीर-विहिरीत इथे मूळ शब्दही बदलतो.

त्याच्याही आधी वाक्य कुठे संपतं हे ठरवावं लागतं. पूर्णविराम दिसला की वाक्य तोडणारं सॉफ्टवेअर «दंड रु. ५०० राहील» याचे दोन तुकडे करतं: «दंड रु.» आणि «५०० राहील». डॉ., क्र., ता., नावांची आद्याक्षरं, सगळीकडे हाच घोळ. सारांशात अर्धवट वाक्यं दिसली तर आधी हे तपासा.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं, मनाविरुद्ध का होईना. रचलेल्या सारांशात दोन प्रकारे खोटं शिरतं. एक, मजकुरातल्याच गोष्टी चुकीच्या जोडल्या जातात: «ए आणि बी विंगचं पाणी सोमवारी सकाळपर्यंत बंद राहील.» बंद राहणं दुपारी २ पर्यंत आणि न पिणं सोमवारपर्यंत, या दोन मुदती एकमेकांत मिसळल्या. दोन, मजकुरात नसलेलं आत येतं: «रहिवाशांसाठी टँकरची सोय केली आहे.» ऐकायला अगदी स्वाभाविक, म्हणूनच वाईट. गुगलमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये बीबीसीच्या बातम्यांवर तेव्हाच्या संगणकी मॉडेलांनी रचलेले एका वाक्याचे सारांश तपासले. त्यांतल्या ७० टक्क्यांहून जास्त सारांशांत मूळ बातमीचा आधार नसलेलं काहीतरी होतं.

पण हा आकडा पुढे करण्याआधी त्याचं कारण वाचावं. मॉडेलांना शिकवायला वापरलेल्या त्या बातम्यांच्या संचात बातमीचं पहिलं वाक्य कापून तेच «आदर्श सारांश» म्हणून ठेवलेलं आहे. बातमीदार पहिल्या वाक्यात जे लिहितो ते सगळं खाली पुन्हा येतंच असं नाही. त्यामुळे माणसानं लिहिलेल्या त्या आदर्शांतही उरलेल्या बातमीबाहेरचा मजकूर भरपूर होता, आणि मॉडेलं तेच शिकली. रचणं म्हणजे बनवणं, हे यातून सिद्ध होत नाही. त्याच नोटिशीचा नीट रचलेला सारांश २६ शब्दांत होतो:

«रविवारी सकाळी ८ ते दुपारी २ ए आणि बी विंगचं पाणी बंद राहील, तिथल्या रहिवाशांनी सोमवारी सकाळपर्यंत नळाचं पाणी पिऊ नये. सी विंगचं पाणी सुरू राहील.»

उचललेल्यापेक्षा तीन शब्द कमी, आणि इशारा शाबूत. तपासायचं असं: सारांशातल्या प्रत्येक विधानापुढे मूळ वाक्याचा क्रमांक लिहा. इथे (१), (२), (६), (३) असे लागतात. ज्याला क्रमांक सापडत नाही ते काढून टाका, टँकर तिथेच पकडला जातो. ज्याला दोन क्रमांक लागतात तिथे आकडे, मुदती, नावं आणि «नाही» हे चार पुन्हा ताडून बघा. मुदतींची मिसळ तिथेच सापडते.

आता चौथा. बातमीपुरता संदेशवाला बरोबर आहे, फार तर. बातमीत महत्त्वाचं आधी सांगितलेलं असतं, त्यामुळे पहिली तीन वाक्यं उचलली तरी काम होतं. २०१७ साली सी, लिऊ आणि मॅनिंग यांच्या रचणाऱ्या मॉडेलला माणसांच्या सारांशाशी शब्दसाम्याच्या मापावर ३९.५३ गुण मिळाले, आणि नुसत्या पहिल्या तीन वाक्यांना ४०.३४. करारातही, ज्याला शब्दावर बोट ठेवून भांडायचं आहे अशा वाचकाला कलमं उचलूनच द्यावीत, कलम क्रमांकासकट. तिथे «भरावे» आणि «भरता येईल» यातला फरक आपल्या शब्दांत सांगायला गेलं की पुसला जातो. पण त्याच करारावर सही करायची की नाही हे ठरवणाऱ्या भाडेकरूला उचललेली पाच कलमं देऊन उपयोग नाही. मुदतीआधी घर सोडलं तर किती पैसे जातील, हे बऱ्याचदा तीन कलमं एकत्र वाचल्यावर कळतं, आणि तिन्ही एकत्र सांगणारं वाक्य करारात नसतंच. जे नाही ते उचलणार कसं? त्याला रचलेला सारांश द्या, प्रत्येक ओळीपुढे कलम क्रमांक टाकून.

औषधाच्या माहितीत मात्रा आणि «घेऊ नये» ही वाक्यं उचला, अटीसकट, बाकीचं रचा.

आणि मीटिंग? तिथे उचलायला गेलात तर हाती हे येतं: «हो, मग तसंच करू.» «पण मागच्या वेळी दिलेलं ना त्यांना?» «ठीक, पंधरा तारखेपर्यंत.» काय करायचं, कोणाला दिलेलं, पंधरा तारखेपर्यंत नक्की काय, यांतलं काहीच त्या वाक्यांत नाही. इतिवृत्त हा मुळातच रचलेला सारांश आहे. फक्त ठराव मांडलेल्या शब्दांतच लिहायचा, कारण मत त्या शब्दांवर पडलेलं असतं.