दर दीड महिन्याने उलट्या, आणि दर वेळी जंतूच?

पालकांमध्ये फिरणारा संदेश: "मुलाला सारख्या उलट्या होतात म्हणजे पोटात इन्फेक्शन राहून गेलंय. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, पोटाला आराम म्हणून दिवसभर काही देऊ नका. रिपोर्ट नॉर्मल आले तर मूल शाळा टाळायला नाटक करतंय."

आधी "इन्फेक्शन राहून गेलंय" हे बघू. पहिल्या उलटीच्या वेळी असं वाटणं चूक नाही. एकाच झटक्यावरून कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. इन्फेक्शन आणि सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम, म्हणजे उलट्यांचे एकसारखे झटके पुन्हा पुन्हा येण्याचा विकार, यांतला फरक दिसतो तो तीन-चार झटके शेजारी शेजारी ठेवले की.

समजा, सात वर्षांच्या मुलीच्या आईने वहीत नोंद ठेवली आहे. ११ फेब्रुवारी, पहाटे चार: आदल्या दिवशी वाढदिवसाचा दंगा. १९ मार्च, पहाटे पाच: दोन दिवस सर्दी. २ मे, पहाटे साडेचार: रात्री उशिरापर्यंत प्रवास, न जेवता झोप. तिन्ही वेळा मुलगी पांढरीफटक, तोंडाला लाळ, अंधाऱ्या खोलीत निपचित, आणि सुरुवातीचे काही तास दर दहा मिनिटांनी उलटी. ताप नाही, जुलाब नाहीत, घरात दुसरं कुणी आजारी नाही. साधारण तीस तासांनी उलट्या थांबतात आणि तासाभरात ती खायला मागते. झटक्यांमध्ये ३६ आणि ४४ दिवसांचं अंतर, आणि मधल्या काळात उलट्यांचा मागमूस नाही.

जंतू इतके शिस्तीत वागत नाहीत. साध्या गॅस्ट्रोमध्ये बहुतेकदा जुलाब लागतात, अनेकदा ताप येतो, घरातल्या किंवा वर्गातल्या आणखी कुणालातरी त्रास होतो, आणि दर वेळचं आजारपण वेगळं असतं. एकसारखेपणा ही सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोमची खूण आहे. लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८२ मध्येच मुलांमधल्या अशा झटक्यांचं वर्णन केलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या बालपचनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये निकष मांडले: सहा महिन्यांत किमान तीन किंवा एकूण पाच झटके, दोहोंमध्ये निदान आठवडाभर अंतर, झटक्यात किमान एक तास ताशी चार किंवा जास्त उलट्या, मध्ये पूर्ण बरं, आणि दुसरं कारण सापडत नाही. वहीतली मुलगी यात बसते. शेवटची अट मात्र डॉक्टरांनी तपासायची.

मार्चमध्ये सर्दी होती, मग इन्फेक्शनच नव्हे का? इथेच गोंधळ होतो. सर्दी इथे काडी पेटवते. आग मेंदू आणि आतड्यांमधल्या संदेशव्यवस्थेत लागते, आणि म्हणूनच हा विकार मायग्रेनचा जवळचा नातेवाईक मानला जातो. घरात कुणाला मायग्रेन आहे का, हे डॉक्टर विचारतात ते त्यासाठी. हीच काडी जागरण, उपास, प्रवास, अति आनंद किंवा ताण, मोठ्या मुलींमध्ये पाळी यांपैकी काहीही असू शकते.

"अँटिबायोटिकने बरं वाटलं." पण वहीत बघा: मार्चच्या झटक्यात चोविसाव्या तासाला औषध दिलं, तिसाव्या तासाला उलट्या थांबल्या. मेमध्ये काही दिलं नाही, एकोणतिसाव्या तासाला थांबल्या. (आमच्या धंद्यात फुकटचं श्रेय खूप मिळतं.)

"दिवसभर काही देऊ नका" हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. उपास हाच इथे झटका ओढवणारा. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची द्रव्यं वाढतात, मळमळ आणखी चढते. म्हणून झोपण्यापूर्वी थोडं खायला देतात, आणि झटक्यात दाखल केलेल्या मुलाला सलाइनमधून ग्लुकोजही देतात. झटक्यापूर्वी पांढरेपणा आणि मळमळ दिसताच डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेलं ऑन्डान्सेट्रॉनसारखं उलटी रोखणारं औषध, अंधार आणि झोप यांनी कधी कधी झटका अडतो. उलट्या जोरात सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. झटके वारंवार येत असतील तर रोजचं प्रतिबंधक औषध असतं: लहानांना सायप्रोहेप्टाडिन, पाच वर्षांपुढे बहुधा ॲमिट्रिप्टिलिन, तेही आधी ईसीजी बघून.

नाटकाबद्दल एवढंच: रक्त आणि सोनोग्राफी नॉर्मल येणं या विकारात अपेक्षितच आहे. शिवाय वहीतले तीनही झटके पहाटे, झोपेतून उठवून आले.

उलट टोकाची चूकही करू नका. हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडला असेल असं धरून ताबडतोब रुग्णालयात जावं. आतड्याची ठेवण जन्मतः चुकीची नाही ना, हे बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत कळतं. उलट्यांसोबत चालताना तोल जाणं किंवा वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर मेंदूची तपासणी लागते. उपासानंतर मूल गुंगीत जात असेल तर चयापचयाचा आजार शोधावा लागतो, आणि त्याचे रक्त-लघवीचे नमुने झटका चालू असताना, ग्लुकोज चढवण्यापूर्वी घेतलेले सर्वांत उपयोगी ठरतात. मात्र साखर उतरली असेल तर ग्लुकोज थांबवून ठेवायचं नाही.