रात्री पावणेअकराला स्टेशनवर उतरल्यावर पुढं काय? टोरांटोहून सोलापूरसाठी

"तिकडं बायका रात्री दोन वाजता पण एकट्या बसने घरी जातेत म्हणे. मग आपल्या सोलापुरात अशी कुठली सोय करता येईल जिनं खरंच फरक पडंल, नुसतं ॲप नको." शाळेच्या ग्रुपवर मैत्रिणीने विचारलं.

मी टोरांटोत राहते, शिफ्ट संपायला मध्यरात्र उलटते आणि घरी बसनेच जाते. इथं सगळं सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही, सबवेत मारहाणीच्या बातम्या इथंही येतात. पण एक सोय मी वापरते, 1991 पासून आहे आणि तिला ना ॲप लागतं ना कॅमेरा. रात्री 9 ते पहाटे 5 बसमध्ये ड्रायव्हरला निदान एक स्टॉप आधी सांगायचं की मला दोन स्टॉपच्या मध्ये, अमुक गल्लीच्या तोंडाशी उतरायचंय. रिक्वेस्ट स्टॉप म्हणतात. सुरुवातीला फक्त एकट्या बायकांसाठी होती, 2011 पासून सगळ्यांसाठी आहे. ह्यातली खरी गोष्ट पुढच्या दारात आहे, तुम्ही पुढच्या दाराने उतरायचं आणि ड्रायव्हर मागचं दार उघडतच नाही, म्हणजे तुमच्या मागोमाग कुणी गुपचूप उतरू शकत नाही, जो उतरेल तो ड्रायव्हरच्या डोळ्यासमोरून उतरेल.

मर्यादा पण आहेत. ट्रामला ही सोय नाही कारण ती रस्त्याच्या मधोमध चालते, आणि वळण असेल किंवा कडेला बर्फाचा ढीग असेल तर ड्रायव्हर थोडं पुढं नेऊन थांबवतो, कुठं थांबायचं हे शेवटी त्याच्या हातात.

आता ग्रुपवर काय झालं बघा. एकाने लगेच लिहिलं, चौकाचौकात सीसीटीव्ही लावा, विषय संपला. त्याचं अर्धं बरोबर आहे, गुन्हेगार शोधायला फुटेज लागतंच. पण फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट डेपोत काय झालं आठवा, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तुमची बस तिकडं लागलीय असं सांगून त्या मुलीला बाजूला उभ्या असलेल्या अंधाऱ्या शिवशाहीत नेलं. तिला त्या क्षणाला खरी बस कुठं लागलीय हे सांगणारा डेपोचा अधिकृत माणूस हवा होता, उजेडात, ठरलेल्या जागी. इथल्या सबवेत प्लॅटफॉर्मवर तशी ठरलेली जागा असते, जास्त उजेड, बाक आणि बटण दाबलं की पलीकडून स्टाफ बोलतो असा इंटरकॉम. रात्री एकटं असलं की लोक तिथंच उभे राहतात.

मावशींनी मध्येच त्यांची पर्स ट्रेनमध्ये गेली ते लिहिलं आणि विचारलं की टोरांटोत तक्रार कुठं करतात. मावशी, पर्स आपल्या ट्रेनमध्ये गेलीय तर टोरांटोचं काय करायचं, चालत्या गाडीत असताना 139 लावायचा, तो रेल्वेचा नंबर आहे. आपला प्रश्न गाडीतून उतरल्यानंतरचा आहे.

आणि मला वाटतं सोलापुरात सगळं तिथंच अडलंय. मुंबईची वंदे भारत रात्री पावणेअकराच्या सुमारास येते. माझी मामेबहीण पुण्याहून तिनेच येते, घर जुळे सोलापूरला. गाडीत लाइट, पोलीस, हेल्पलाइन सगळं आहे. खाली उतरलं की रिक्षा. आता लोक म्हणतेत रस्त्यावरच्या प्रवासी गाड्यांमध्ये पॅनिक बटण सक्तीचं आहे की. आहे, 1 जानेवारी 2019 पासून नव्या प्रवासी गाड्यांना लोकेशन ट्रॅकर आणि ते बटण लागतं, पण त्या नियमातून तीनचाकी वगळल्या आहेत. म्हणजे बटण बसमध्ये, आणि एकटी बाई रात्री बसते रिक्षात.

मागच्या वेळी तिला रिक्षावाल्याने मेन रोडलाच सोडलं, गल्ली खोदलेली होती म्हणून, आणि पुढचं अंतर ती मोबाईलच्या टॉर्चवर चालत गेली. भाडं पूर्ण घेतलं. रिक्षाचा नंबर तिने बघितलाच नव्हता, हातात दोन बॅगा, मागं भाव करणारे चौघं, कोण बघणार?

म्हणून माझं म्हणणं, ॲपच्या आधी ह्या एका गाडीला स्टेशनबाहेर प्रीपेडचं टेबल लावा, तिथं पोलीस किंवा होमगार्ड बसवा आणि कागदाचं कूपन ठेवा. प्रवाशाने पैसे टेबलावर भरायचे, कूपनवर रिक्षा नंबर, बॅज नंबर, कुठं जायचं आणि वेळ. एक प्रत टेबलावर राहते, दुसरी प्रवाशाच्या हातात. रिक्षावाल्याला कॅश मिळते ती प्रवाशाची प्रत परत आणून दिली की मग. मोठ्या शहरांतल्या प्रीपेड बूथवर हे जुनंच आहे, लोक त्याला भाव ठरवायची सोय समजतेत, पण मला ते सुरक्षेचं साधन वाटतं, कारण प्रवासी दारात पोचल्याशिवाय कूपन द्यायचंच नाही. मेन रोडला सोडलं? मग कूपन माझ्याकडंच. आणि अर्ध्या तासात यायला पाहिजे ते कूपन तासाभरात परत आलं नाही तर टेबलवाल्याला कळतं कुठली रिक्षा, कुणाला घेऊन, कुठं गेलीय, आणि तो आधी प्रवाशाला फोन लावतो.

हे बिघडणार कुठं तेही सांगते. बाईने रिक्षात बसतानाच कूपन देऊन टाकलं की संपलं, म्हणून टेबलावरच सांगायला पाहिजे की घराचं कुलूप उघडेपर्यंत हातातनं सोडू नका. दुसरं, कूपन आलं नाही म्हणजे वाईटच झालं असं नाही, रिक्षावाला घरी झोपायला गेला असंल, रोज असे खोटे इशारे आले की टेबलवाला फोन लावणं सोडून देईल. त्यावर मला सुचतंय ते एवढंच की शेवटचा फेरा असंल तर निघतानाच प्रतीवर तसं लिहायचं आणि तेव्हा प्रवाशाने पोचल्यावर टेबलाला मिस कॉल द्यायचा.

आमच्या जुन्या वाड्याजवळ राहणारे एक काका वर्षानुवर्षं स्टेशनवर रिक्षा लावतेत, त्यांना मी फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी कूपनाला नाही म्हटलं नाही, पण खरं दुखणं दाखवलं, "अक्का, जुळे सोलापूरला रात्री अकराला गेलो की परत येताना मोकळंच यावं लागतंय की, म्हणून पोरं आत गल्लीत येत नाहीत नायतर डबल मागतेत. कूपनवर भाडं कमी लावलंत तर टेबलाकडं कुणी रिक्षाच लावणार नाही, बाहेरनंच पॅसेंजर उचलतील." हे मला इथं बसून सुचलंच नसतं. इथला बस ड्रायव्हर पगारावर आहे, गल्लीशी थांबला म्हणून त्याचा खिसा हलत नाही. काकांचं पेट्रोल जळतं.

पिंक ई-रिक्षाचं पण ग्रुपवर निघालं, 2024 ची राज्याची योजना. बायका चालवणार हे मला मनापासून आवडतं, पण रिकामी परती त्यांनाही आहेच, शिवाय रात्री परत येताना चालवणारी बाईच एकटी असते. तिच्यासाठी तर टेबलावरची प्रत जास्तच हवी.

मग मोकळ्या परतीचे पैसे कोण देणार? काका म्हणतेत प्रवाशाने, रात्रीचा जादा दर सरळ कूपनवर छापा, लपवाछपवी नको. मी म्हणते निदान एकट्या बाईच्या कूपनवरचा फरक महापालिकेने भरावा, रात्रीची सिटी बस देत नाही तर एवढं तरी. काका त्यावर हसले, म्हणाले महापालिकेचं बिल निघंपर्यंत रिक्षा भंगारात जाईल. ग्रुपवर कुणी स्टेशनच्या रिक्षा संघटनेत ओळखीचं असंल तर सांगा, काकांचा जादा दराचा आकडा घेऊन आधी त्यांच्याशीच बोलायला पाहिजे.