शेजारच्या खोलीतला कन्सोल अडखळतो तेव्हा: प्लॅन वाढवण्याआधी भिंत मोजा

गेमर मंडळींमध्ये सध्या फिरत असलेला सल्ला असा: «राउटरचे अँटेना कन्सोलच्या खोलीकडे रोखून ठेवा. एखाद्या भिंतीनं काही फरक पडत नाही. कन्सोलवर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण दिसल्या म्हणजे वाय-फाय ठीक आहे. तरी गेम अडखळत असेल तर इंटरनेटचा प्लॅन कमी पडतोय, मोठा घ्या.»

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण या चारही वाक्यांत गडबड आहे आणि शेवटच्या वाक्यामुळे लोकांचे पैसे जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी अँटेना. राउटरवर उभी दिसणारी दांडी टॉर्चसारखी टोकातून प्रकाश फेकत नाही. तिच्यातून लहरी बाहेर पडतात त्या दांडीच्या बाजूंनी, चहूकडे. टोकाच्या दिशेला त्या सर्वांत क्षीण असतात. म्हणजे दांडीचं टोक कन्सोलच्या दिशेनं धरलं, तर कन्सोल नेमका तिच्या सर्वांत कमजोर भागात येतो. कन्सोल त्याच मजल्यावर असेल तर अँटेना सरळ उभे ठेवा. वरच्या किंवा खालच्या मजल्यावर असेल तर एक उभा ठेवून दुसरा आडवा करून बघता येतो. ज्या राउटरचे अँटेना आतच बसवलेले असतात, त्यांना बनवणाऱ्यानं ठरवलेल्या स्थितीतच ठेवावं. आडवं पाडून कपाटात सरकवलेला राउटर आपली दिशा हरवून बसतो.

आता भिंत. हा मुद्दा खरा महत्त्वाचा आहे, म्हणून आकड्यांनी बघू. वाय-फायची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि ती उणे आकड्यात येते. उणे 50 म्हणजे उत्तम. उणे 67 च्या आसपासपर्यंत ऑनलाइन गेम सहसा निभावतो, उणे 75 च्या खाली मात्र रडतो. दर 3 डेसिबलला ताकद निम्मी होते आणि दर 10 डेसिबलला दहावा हिस्सा उरतो.

समजा, राउटर 5 गिगाहर्ट्झवर 20 डीबीएमनं पाठवतो आणि कन्सोल 8 मीटरवर आहे. मोकळ्या जागेत पहिल्या मीटरमध्येच सुमारे 47 डेसिबल जातात. त्यानंतर अंतर दुप्पट झालं की आणखी 6 जातात. 1 चे 2, 2 चे 4, 4 चे 8 मीटर, म्हणजे तीनदा 6, एकूण 18. हाती उरले उणे 45. मध्ये काहीच नसतं तर हा सिग्नल छान होता. आता वाटेत विटांच्या दोन भिंती टाकू आणि प्रत्येकीचे 8 डेसिबल धरू. झाले उणे 61. कन्सोल टीव्हीच्या मागे, कपाटाच्या कप्प्यात असेल तर टीव्हीच्या पाठीमागचा धातू आडवा येतो. त्याचे 10 धरले की उणे 71. गेम अडखळायला लागतो तो इथे.

यात एक गोष्ट नीट बघा. एक भिंत आणि टीव्ही मिळून 18 डेसिबल खातात. 1 मीटरवरून 8 मीटरवर जाताना जेवढं जातं, तेवढंच हे. म्हणून राउटर कन्सोलच्या थोडा जवळ सरकवण्यापेक्षा वाटेतला एक अडथळा चुकवणं कितीतरी जास्त उपयोगी ठरतं. वरच्या उदाहरणात अंतर 8 मीटरच ठेवलं, पण राउटर अशा जागी नेला की रेषा उघड्या दारातून जाऊन एकच भिंत ओलांडते, आणि कन्सोल टीव्हीच्या मागून पुढच्या कडेला आणला, तर आकडा उणे 53 वर येतो. त्यासाठी नवीन काहीच विकत घ्यावं लागलं नाही.

भिंत कशाची आहे यावर बरंच अवलंबून असतं. जिप्समच्या पातळ पार्टिशनमधून 3-4 डेसिबल जातात. सळयांच्या काँक्रीटमधून 15-20 किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतात. मोठा आरसा, फ्रिज, धातूचं कपाट हे तर जवळजवळ पडदेच, कारण धातू लहर आरपार जाऊ देत नाही, परतवून लावतो. पाण्यानं भरलेली टाकी आणि माशांची काचपेटीही भरपूर शोषते.

भिंतीत लहर कोणत्या कोनात शिरते हेही बघावं लागतं. समोरून सरळ शिरली तर तोटा कमी. राउटर आणि कन्सोल एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पण एकमेकांपासून लांब असतील, तर लहर भिंतीवर अगदी तिरकी पडते. उभ्या अँटेनातून निघालेल्या लहरीचा अशा वेळी बराच भाग भिंतीच्या पृष्ठभागावरूनच परततो आणि आत शिरतो तो थोडा. शिवाय तिरक्या रेषेत आणखी एखादी भिंत किंवा खांब वाटेत येण्याची शक्यता वाढते. म्हणून घराचा साधा नकाशा कागदावर काढा आणि राउटरपासून कन्सोलपर्यंत पट्टीनं रेष ओढा. त्या रेषेवर काय काय येतं ते लिहून काढलं की कुठली जागा बदलायची ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं. राउटर जमिनीवर असेल तर पलंग, सोफा, कपाटं सगळंच रेषेत येतं. छातीच्या उंचीवर ठेवला की त्यातलं बरंच टळतं.

तिसरा मुद्दा पट्ट्यांचा. पट्ट्या राउटरचा आवाज कन्सोलला किती मोठा ऐकू येतो एवढंच सांगतात. कन्सोलचा आवाज राउटरपर्यंत कसा पोहोचतो ते त्यातून कळत नाही, आणि बटण दाबल्याची बातमी तर त्याच दिशेनं जाते. आजूबाजूच्या नेटवर्कांचा गोंगाटही पट्ट्यांत दिसत नाही. वाटेत डेटाचं एखादं पाकिट बिघडलं की वाय-फाय ते गुपचूप पुन्हा पाठवतं. डाउनलोडच्या वेगात हे लपून जातं, गेममध्ये मात्र उशीर म्हणून जाणवतं. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राला साधारण 17 मिलिसेकंद मिळतात. पाकिटाला 200 लागले तर जवळपास 12 चित्रं निघून गेलेली असतात.

मग मोजायचं कसं? कन्सोलमधली चाचणी बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येते, त्यामुळे तिच्यात वाय-फायचा आणि बाहेरच्या लाइनचा उशीर एकत्र मिसळतो. आपल्याला पहिला टप्पा वेगळा बघायचाय. त्यासाठी एक लॅपटॉप कन्सोलच्या नेमक्या जागी ठेवा. कप्प्यात असेल तर कप्प्यातच. कन्सोल ज्या नेटवर्कवर आहे त्यालाच लॅपटॉप जोडा आणि बाजूला व्हा, कारण मध्ये उभं असलेलं माणसाचं शरीरही सिग्नल शोषतं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये या तीन ओळी पुरतात:

```
ipconfig
netsh wlan show interfaces
ping -n 200 192.168.1.1
```

पहिल्या ओळीतून `Default Gateway` समोरचा पत्ता घ्या. तो राउटरचा पत्ता. तिसऱ्या ओळीतला पत्ता त्यापेक्षा वेगळा असेल तर बदला. दुसऱ्या ओळीत `Signal` टक्क्यांत दिसतो. त्याचं निम्मं करून त्यातून 100 वजा केले की अंदाजे डीबीएम मिळतात. 58 टक्के म्हणजे 29 वजा 100, अर्थात उणे 71. नव्या विंडोजवर या ओळीसाठी लोकेशनची परवानगी द्यावी लागू शकते. मॅकवर ऑप्शन की दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं तर `RSSI` थेट दिसतो.

तिसरी ओळ सर्वांत बोलकी. साधारण तीन मिनिटं ती राउटरला हाक मारते आणि उत्तर किती वेळात येतं ते लिहीत जाते. हीच चाचणी आधी राउटरपासून एक-दोन मीटरवर करा, मग कन्सोलच्या जागी. जवळ बहुतेक उत्तरं काही मोजक्या मिलिसेकंदांत येतात. कन्सोलच्या जागी मध्येच 150, 300 असे आकडे उसळत असतील किंवा `Request timed out` दिसत असेल, तर दोष दोन खोल्यांच्या मधला आहे. सरासरीवर विसंबू नका. उसळ्या आणि हरवलेली पाकिटं बघा. राउटरजवळही तसंच दिसलं तर मात्र भिंतीला बोल लावू नका. तिथे गर्दी झालेला चॅनल किंवा राउटर स्वतःच तपासावा लागेल.

सिग्नलचा आकडा एकाच ठिकाणी वाचून निकाल देऊ नका. 5 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेपाच सेंटीमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे लॅपटॉप जेमतेम वीतभर हलवला तरी आकडा 5-6 डेसिबलनं बदलू शकतो. आसपासच्या चार-पाच जागांचे आकडे घेऊन मधला धरा. तुलना नेहमी एकाच यंत्राची करा. लॅपटॉपचा आकडा म्हणजे कन्सोलचा आकडा नव्हे, दोघांचे अँटेना वेगळे असतात; पण राउटर हलवल्यावर सिग्नल सुधारला की बिघडला हे तो विश्वासानं सांगतो.

वाय-फायचा पट्टा कुठला वापरावा, 2.4 गिगाहर्ट्झचा की 5 चा, याचं उत्तरही या मोजणीतच आहे. 2.4 गिगाहर्ट्झ भिंत जास्त सहज ओलांडतो, पण तिथे एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. कन्सोलचे ब्लूटूथ कंट्रोलरही त्याच पट्ट्यात बोलतात. 5 वर उणे 70 च्या वर सिग्नल मिळत असेल तर मी 5 सोडणार नाही. त्याहून खाली असेल तर दोन्हींवर तीच पिंग चालवा आणि ज्यात उसळ्या कमी तो ठेवा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर तात्पुरती वेगळी नावं द्या, नाहीतर आपण काय मोजतोय तेच कळणार नाही.

रिपीटर घ्यायचाच असेल तर तो कन्सोलच्या खोलीत लावू नका. तिथे त्यालाही भिंतीनं गाळलेलाच सिग्नल मिळतो. जिथे सिग्नल अजून धडधाकट आहे अशा मधल्या जागी लावा. सळयांच्या काँक्रीटच्या दोन भिंती असतील तर जागा बदलूनही फार हाती लागत नाही. तिथे केबल हाच मार्ग.

आणि आता प्लॅन. गेम डाउनलोड करताना मोठा वेग उपयोगी पडतो. खेळताना मात्र फार थोडा डेटा लागतो. तो वेळेवर पोहोचणं गरजेचं असतं. निर्णयासाठी एक लांब लॅन केबल कुणाकडून तरी उसनी आणा, एका संध्याकाळपुरती दारातून ओढून कन्सोलला लावा आणि तोच गेम खेळा. केबलवर गेम सुरळीत चालला तर त्याच प्लॅनवर चालला, म्हणजे अडथळा वाय-फायमध्येच होता. केबलवरही अडखळला तर लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून आधी राउटरला आणि मग बाहेर `ping -n 200 8.8.8.8` चालवा. राउटरची उत्तरं स्वच्छ आणि बाहेरची हरवणारी असतील, तर ते आकडे हातात ठेवून सेवा देणाऱ्याला फोन करा आणि लाइन तपासायला सांगा. तेव्हाही त्यांनी मोठा प्लॅन सुचवला तर हरवलेल्या पाकिटांचं काय, हे आधी विचारा.