सराव मुलाखतीच्या रेकॉर्डिंगला गुण देताना

"सराव मुलाखत रेकॉर्ड करा आणि फक्त तीन गोष्टी मोजा. कोणतेही उत्तर २ मिनिटांच्या पुढे जाऊ नये, २ सेकंदांपेक्षा मोठा विराम दिसू नये आणि किमान ८० टक्के वेळ नजर कॅमेऱ्यात असावी. हे तीन आकडे जमले की उमेदवार तयार झाला. कंपन्यांची सॉफ्टवेअरही हेच पाहतात."

उमेदवारांची तयारी करून घेणाऱ्यांमध्ये हा सल्ला इतका फिरला आहे की काहींनी त्यावरून गुणपत्रकेही तयार केली आहेत. मोजमापाला माझा विरोध नाही. मी स्वतः घड्याळ समोर ठेवूनच रेकॉर्डिंग पाहतो. माझा आक्षेप मोजलेल्या आकड्यालाच गुण मानण्याला आहे, कारण आकडा सुधारला आणि उत्तर बिघडले असे मी वारंवार पाहिले आहे.

पहिला मुद्दा वेळेचा. मुलाखतीतले सगळे प्रश्न एका जातीचे नसतात. "तुम्ही कधी रुजू होऊ शकाल?" या प्रश्नाला १५ सेकंद पुरतात, तर "एखादा कठीण प्रसंग तुम्ही कसा हाताळलात?" या प्रश्नाला दीड-दोन मिनिटे लागणे स्वाभाविक आहे. दोघांना एकच कमाल मर्यादा लावली की पहिल्या प्रश्नावर ९० सेकंद घोळ घालणारा उमेदवार उत्तीर्ण ठरतो. पण याहून मोठी अडचण अशी की एकूण वेळेवरून आतल्या वेळेची वाटणी कळत नाही.

एका उमेदवाराचे उदाहरण देतो. ती ग्राहक-सेवा विभागात पर्यवेक्षकाच्या पदासाठी तयारी करत होती आणि प्रश्न होता नाराज ग्राहकाच्या प्रकरणाचा. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तिचे उत्तर २ मिनिटे ५० सेकंद चालले. त्यातली १०५ सेकंद पार्श्वभूमीत गेली: विभाग कसा होता, कोण रजेवर होते, ऑर्डर कोणत्या टप्प्यावर अडकली. तिने स्वतः काय केले यावर ३५ सेकंद, परिणामावर १० आणि आधीचेच पुन्हा सांगण्यात उरलेली २० सेकंद गेली. तिला एवढेच सांगण्यात आले की उत्तर लांबले आहे, दोन मिनिटांत बसवा.

दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये उत्तर १ मिनिट ५२ सेकंदांत संपले आणि गुणपत्रकावर त्या रकान्यात पूर्ण गुण पडले. मी ते पुन्हा घड्याळ लावून ऐकले, तेव्हा पार्श्वभूमीला ८५, तिच्या कृतीला १७ आणि परिणामाला १० सेकंद मिळालेली आढळली. म्हणजे पुनरुक्ती गेली हे खरे, पण कात्री चुकीच्या जागीही लागली होती. हे असेच होते, कारण पार्श्वभूमी पाठ झालेली असते आणि ती आधी येते. वेळ संपत आल्याची जाणीव होते तेव्हा मागचे भाग गुंडाळले जातात. मुलाखत घेणाऱ्याला ज्यावरून निर्णय करायचा असतो तोच भाग निम्म्यावर आला आणि आकडा मात्र सुधारलेला दिसला.

तिसऱ्या वेळी आम्ही एकूण वेळेबद्दल बोललोच नाही. फक्त एवढे ठरवले की "मी" या शब्दाने सुरू होणारे, स्वतःच्या कृतीचे पहिले वाक्य अर्ध्या मिनिटाच्या आत यायला हवे. पार्श्वभूमी २५ सेकंदांवर आली, कृतीला ६५ मिळाली, परिणामाला २५. बेरीज १ मिनिट ५५ सेकंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात फरक तीन सेकंदांचा आहे; निव्वळ लांबी मोजणाऱ्याला ही दोन्ही उत्तरे सारखीच दिसतील. आता मी एकूण वेळ नोंदवतो, पण शेजारी दोन वेळा लिहितो: मूळ मुद्दा कितव्या सेकंदाला आला आणि स्वतःच्या कृतीवर किती सेकंद खर्च झाले.

विरामांच्या बाबतीत प्रश्न असा की तो कुठे पडला. प्रश्न संपल्यानंतर आणि उत्तर सुरू होण्याआधीचा विराम, दोन वाक्यांमधला विराम आणि वाक्याच्या ऐन मध्यात, क्रियापद सापडत नाही म्हणून पडलेला विराम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढेच असते, आणि म्हणून तीन-चार सेकंदांची शांतता उमेदवाराला युगासारखी वाटते. परंतु अवघड प्रश्नानंतर थोडे थांबणारा माणूस विचार करतो आहे असेच बहुतेक ऐकणाऱ्यांना वाटते. वाक्याच्या मध्यातली, त्याच उत्तरात पाच-सहा वेळा पडणारी एकेका सेकंदाची फट मात्र ऐकणाऱ्याला खुपते, आणि २ सेकंदांच्या मर्यादेत ती कधीच सापडत नाही.

शिवाय विराम टाळायला सांगितले की बहुतेक उमेदवार ती जागा भरून काढतात. वरच्या उमेदवाराच्या दुसऱ्या उत्तरात दोन सेकंदांचा एकही विराम नव्हता, पण "अं" आणि "म्हणजे" मिळून अकरा वेळा आले होते. तिसऱ्या उत्तरात ती सुरुवातीला चार सेकंद थांबली आणि परिणाम सांगण्याआधी दोन सेकंद; "अं" दोनदाच आले. गुणपत्रकाने तिसऱ्या उत्तराचे गुण कापले असते.

मोजण्याच्या साधनाचीही मर्यादा समजून घ्यायला हवी. रेकॉर्डिंगमधली शांतता शोधण्यासाठी अनेक जण हा आदेश वापरतात:

```
ffmpeg -i mock.mp4 -af silencedetect=noise=-30dB:d=1 -f null -
```

याच्या उत्तरात प्रत्येक शांततेची `silence_start`, `silence_end` आणि `silence_duration` मिळते. इथे `d=1` म्हणजे किमान एक सेकंद आणि `noise` म्हणजे कोणत्या पातळीखालच्या आवाजाला शांतता मानायचे ती मर्यादा. खोलीत पंखा चालू असेल तर आवाज त्या पातळीखाली जातच नाही आणि खरे विराम निसटतात. कॉलच्या सॉफ्टवेअरमधले आवाज गाळण्याचे तंत्र चालू असेल तर उलट घडते: वाक्याचा शेवटचा हळू उच्चारलेला शब्द कापला जातो आणि विराम आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. "अं" हा आवाजच असल्यामुळे तो या यादीत येत नाही. दोघांचा आवाज एकाच ट्रॅकवर असेल तर मुलाखत घेणारा टिपणे लिहीत असतानाची शांतताही उमेदवाराच्या नावावर जमा होते, आणि नेटवर्कच्या विलंबामुळे प्रश्न व उत्तर यांतले अंतर वाढते ते वेगळेच. म्हणून मी ही यादी घेतो ती केवळ कुठे ऐकायचे हे कळावे म्हणून. प्रत्येक नोंदीच्या दोन सेकंद आधीपासून ऐकले की तो विराम कोणत्या प्रकारचा होता हे लगेच कळते.

नजरेबद्दलचा सल्ला मला सर्वांत जास्त अपायकारक वाटतो. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मायकेल अर्गाइल यांनी समोरासमोरच्या संभाषणांत केलेल्या मोजमापांत माणूस ऐकताना सुमारे ७५ टक्के वेळ समोरच्याकडे पाहतो आणि बोलताना सुमारे ४० टक्के, असे दिसून आले होते. अवघड प्रश्नाचा विचार करताना नजर बाजूला वळते, कारण समोरचा चेहरा वाचणे हेही मेंदूसाठी कामच असते. तेव्हा बोलणाऱ्याकडून ८० टक्क्यांची अपेक्षा ठेवणे म्हणजे नैसर्गिक प्रमाणाच्या दुप्पट मागणे आहे, तेही नेमके आठवण्याचे आणि मांडण्याचे काम चालू असताना. आमच्या उमेदवाराने एका रेकॉर्डिंगमध्ये ८५ टक्के गाठले. त्यात मुलाखत घेणारी व्यक्ती दोनदा मध्ये बोलण्यासाठी पुढे झुकली होती. उमेदवाराला ते दिसलेच नाही, कारण ती स्क्रीनकडे पाहतच नव्हती.

थेट व्हिडिओ मुलाखतीत "नजर कॅमेऱ्यात" आणि "नजर समोरच्याकडे" या दोन जागा वेगळ्या असतात, आणि त्यांच्यातले अंतर मोजता येते. स्क्रीनपासून ६० सेंटिमीटरवर बसलेल्या माणसासाठी कॅमेऱ्याच्या १२ सेंटिमीटर खाली असलेला चेहरा सुमारे ११ अंश खाली येतो, त्यामुळे त्या चेहऱ्याकडे पाहणारा उमेदवार पलीकडच्याला खाली पाहताना दिसतो. नजर कॅमेऱ्याच्या थोडी खाली, साधारण ५ अंशांपर्यंत असेल तर पलीकडच्याला ती आपल्याकडेच असल्यासारखी वाटते. इतक्या अंतरावर ५ अंश म्हणजे जवळपास ५ सेंटिमीटर. म्हणून उपाय उमेदवाराच्या डोळ्यांवर नको, खिडकीवर करावा: व्हिडिओची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवावी, स्वतःचे चित्र लपवावे, आणि मग खुशाल चेहऱ्याकडे पाहावे. पलीकडे कोणीच नसते, प्रश्न फक्त स्क्रीनवर येतो आणि उत्तर रेकॉर्ड होते, अशा मुलाखतीत मात्र कॅमेऱ्याकडे पाहणे योग्य आहे, कारण तिथे वाचायला दुसरा चेहरा नसतो.

नजर मोजणाऱ्या साधनाला आणखी एक गोष्ट कळत नाही. कॅमेऱ्याशेजारी टिपणांचा कागद चिकटवून वाचणाऱ्या उमेदवारालाही ते भरघोस गुण देते. माणसाला मात्र डोळ्यांची डावीकडून उजवीकडे होणारी लयबद्ध हालचाल आणि एकसुरी झालेला आवाज लगेच जाणवतो. तिरळेपणा असलेल्या किंवा ज्याला नजर भिडवणे मुळातच त्रासाचे जाते अशा उमेदवाराला तर हे गुण तयारीशी संबंध नसलेल्या कारणासाठी नापास करतात.

उरला कंपन्यांचा दाखला. व्हिडिओ मुलाखतींच्या क्षेत्रातल्या हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीने आपल्या मूल्यमापनातून चेहऱ्याचे विश्लेषण काढून टाकल्याचे जानेवारी २०२१ मध्येच जाहीर केले. आणि जिथे माणसे ठरावीक पद्धतीने मुलाखत घेतात, तिथे त्यांच्या हातात प्रत्येक प्रश्नासाठी गुणांची पट्टी असते: प्रसंग स्वतःचा होता का, उमेदवाराने नेमके काय केले, तेच का केले, त्यातून काय घडले. सेकंदांचा आणि टक्क्यांचा रकाना अशा पट्टीवर मी तरी पाहिलेला नाही.

त्यामुळे माझ्या पत्रकावर एका उत्तरासाठी आता एकच ओळ असते. वरच्या उमेदवाराच्या तिसऱ्या उत्तराची ओळ अशी होती: "एकूण १:५५, कृती २६व्या सेकंदाला सुरू, कृतीला ६५ सेकंद, वाक्याच्या मध्यात विराम एक, १:१२ ला, ग्राहकाला फोन कोणी केला हे सांगताना, नजर नोंदवलेली नाही." त्या १:१२ च्या जागी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा कळले की फोन तिने केलाच नव्हता, तिच्या सहकाऱ्याने केला होता, आणि ते सांगावे की नाही यावर ती अडखळली होती. चौथ्या वेळी तिने ते सरळ सांगितले.